चिठ्ठीचा नुसता फोटो आला की मेडिकलवाला प्रश्न का विचारतो

प्रश्न: मी पुण्यात नोकरीला आहे, आईवडील सोलापुरात. औषधं संपली की मी वडिलांच्या चिठ्ठीचा फोटो मेडिकलवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो. तो लगेच काही देत नाही, उलट मलाच चार प्रश्न विचारतो. चिठ्ठीत तर सगळं लिहिलेलंच असतं ना? मग नुसत्या फोटोवर काम का होत नाही?

उत्तर:

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. सव्वीस वर्षं झाली काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून. आताशा रात्री शटर ओढायच्या वेळेला मोबाईल बघावा, तर असे दहा-बारा फोटो पडलेले असतात. नाव नाही, गाव नाही, ‘मालक, बघा की जरा’ एवढंसुद्धा नाही. डीपीवर सिद्धरामेश्वर नाहीतर गुलाबाचं फूल. खाली हाताने लिहिलेला एक कागद, अर्धा उजेडात, अर्धा मोबाईलच्याच सावलीत.

चिठ्ठीत सगळं लिहिलेलं असतं हे अर्धंच खरं आहे. तिच्यात असतं ते डॉक्टरांचं म्हणणं. तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे, ते तिच्यात कुठेच नसतं. काउंटरवर माणूस चिठ्ठी देतो तेव्हा तोंडाने बोलतो, म्हणून ही उणीव कधी जाणवत नाही. ‘यातली तिसरी सोडून सगळी द्या’, ‘आधी किती होतील सांगा’, ‘पाचच दिवसांचं द्या, पगार झाला की बाकीचं नेतो’, ‘मागच्या वेळची गोळी वेगळ्या रंगाची होती, ही तीच का?’ फोटो तोच, पण ही चार माणसं आहेत आणि त्यांची कामं चार तऱ्हेची आहेत. एकाला भाव हवाय, एकाला अर्धं औषध हवंय, एकाला फक्त खात्री करून घ्यायची आहे. बोलणं काढून टाकलं की चौघांचे फोटो माझ्या मोबाईलवर सारखेच दिसतात.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी कशाला घाबरतो ते कळेल.

शनिवारची रात्र, साडेनऊचा सुमार. अनोळखी नंबरवरून फोटो आला. सांधेदुखीच्या डॉक्टरांच्या पॅडवरची चिठ्ठी, पलंगावर ठेवून काढलेली. फोटोत अर्धी चिठ्ठी आणि अर्धी सोलापुरी चादर. कागदाला चार घड्या, वरच्या कोपऱ्यावर अंगठा, त्यामुळे तारीख आणि पेशंटचं नाव अंगठ्याखाली. उजवी कड फोटोबाहेर गेलेली. औषधं पाच, आणि नावं मात्र स्वच्छ वाचता येत होती: मेथोट्रेक्सेट ७.५, फॉलिक ॲसिड ५, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २००, कॅल्शियम, आणि पित्ताची पॅन्टोप्राझोल ४०. मेथोट्रेक्सेटच्या पुढे ‘१ गोळी’ एवढं दिसत होतं आणि तिथेच फोटो संपत होता.

वाचणाऱ्याला वाटेल, पाचही नावं वाचता आली म्हणजे काम झालं. नेमकं इथेच घोडं अडतं. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डॉक्टर तिचा वार ठरवून देतात, आणि फॉलिक ॲसिड त्या वाराला सोडून दुसऱ्या दिवशी देतात. हीच गोळी कुणी रोज एक अशी घेत गेलं, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, ताप धरतो, आणि माणूस दगावूही शकतो. जगभर ही चूक पुन्हा पुन्हा झालेली आहे, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात आणि हाताला सवय रोजचीच असते. डॉक्टरांनी वार लिहिलेला असणार, पण तो फोटोबाहेर राहिलेल्या दीड इंचात.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही फार्मासिस्ट आहात, आठवड्याची गोळी आहे हे तुम्हाला माहीतच होतं. होतंच. पण फोटो पाठवणाऱ्याला माहीत आहे का, हे मला माहीत नव्हतं. आणि किती गोळ्या द्यायच्या ते मी कशावरून ठरवू? आठवड्याला एक म्हटलं तर महिन्याला चार किंवा पाच. बाकीच्या औषधांच्या सोबतीने ‘महिन्याचं द्या’ असं कुणी समजलं तर तीस. दहाची एक स्ट्रिप म्हणजे दहा आठवड्यांचा साठा. या औषधाच्या गिऱ्हाइकाकडे माझं वेगळं लक्ष असतं. स्ट्रिप नेऊन दहा-बारा दिवसांतच कुणी दुसरी मागायला आलं, की मी बाकीची कामं बाजूला ठेवतो आणि गोळी कशी घेता ते विचारतो. अनोळखी नंबरच्या नुसत्या फोटोवर असं लक्ष ठेवता येत नाही. हा माणूस मागे कधी आला होता तेच ठाऊक नसतं.

मी फोन लावला. उचलला नाही. मग लिहिलं, ‘चिठ्ठी कुणाची, कोणत्या तारखेची, आणि यातलं काय पाहिजे?’ रात्री उत्तर नाही. रविवारी सकाळी आठ वाजता आलं, ‘अण्णा, आईची आहे. फक्त कॅल्शियम संपलंय.’

पाचातलं एक, तेही सगळ्यात साधं. पण मी तारखेचा हट्ट सोडला नाही. पूर्ण कागदाचा फोटो मागवला, तर चिठ्ठी आठ महिन्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळात डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट साडेसातवरून दहावर नेली होती आणि नवी चिठ्ठी फाईलमध्ये होती. फोटो काढणाऱ्या मुलाने कपाटाच्या खणात वर पडलेला कागद उचलला होता. मी शनिवारी रात्रीच हुशारी करून पाचही औषधं बांधून ठेवली असती, तर त्या घरात साडेसातची आणि दहाची अशा दोन्ही स्ट्रिपा झाल्या असत्या. दोन्ही बारीक गोळ्या, रंगही जवळपास सारखा, आणि घेणारी बाई सत्तरीची. दोन स्ट्रिपा समोर दिसल्या तर दोन्हीतली एकेक घ्यायची, असाच अर्थ ती लावणार. कॅल्शियम एक रात्र उशिरा मिळाल्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

उलटंही होतं, तेही कबूल करतो. चार-पाच वर्षांपूर्वी असाच मुका फोटो रात्री आला होता. फिटच्या औषधाची चिठ्ठी होती. दहा फोटोंमधला एक, मी सकाळी बघू म्हणून ठेवून दिला. सकाळी भाऊ धावत आला, गोळ्या आदल्या दिवशी दुपारीच संपल्या होत्या. फिटच्या औषधात एक-दोन डोस चुकले तरी झटका येऊ शकतो. नशिबाने आला नाही. पण मला त्या कागदावरून कसं कळणार होतं, की हे महिन्याचं आगाऊ मागताहेत की डबा रिकामा झालाय? ‘उद्या सकाळची गोळी नाही’ एवढे चार शब्द असते, तर तो फोटो सगळ्यांच्या वर आला असता आणि मी तेव्हाच दुकान उघडलं असतं.

तारखेवरून आठवलं. सिव्हिलचा केसपेपर असेल तर गोष्ट आणखी अवघड. तिथे एकाच कागदावर चार-पाच वेळच्या तपासण्या एकाखाली एक लिहिलेल्या असतात. वेगवेगळे डॉक्टर, वेगवेगळे पेन, मध्ये एखादा शिक्का. सगळ्यात खाली ताजी तारीख असते आणि तिच्यापुढे फक्त तीन इंग्रजी अक्षरं: सीएसटी. म्हणजे आधीचंच औषध चालू ठेवा. आता ‘आधीचं’ म्हणजे याच पानावरचं वरचं, की पानाच्या मागच्या बाजूचं, की भरून गेलेल्या जुन्या केसपेपरवरचं? काउंटरवर कागद हातात आला तर मी उलटून बघतो. फोटो उलटत नाही. कधीकधी वरच्या यादीतलं एक औषध मधल्या तारखेला खोडलेलं असतं, आणि ती रेघ इतकी फिकट असते की फोटोत ती घडीसारखी दिसते. खोडलेलं औषध दिलं तर चूक माझी, आणि घडीला रेघ समजून औषध गाळलं तरीही माझीच.

यापेक्षा जास्त गोंधळ घरच्या यादीत असतो. डॉक्टरांचं अक्षर वाईट, हा विनोद जुना झाला. आम्हाला त्याची सवय असते. एकाच डॉक्टरांच्या पाचशे चिठ्ठ्या बघितल्या की त्यांचा वेडावाकडा ‘मेट’सुद्धा ओळखीचा होतो. सवय नसते ती तुमच्या घरच्या अक्षराची. आपल्याकडे घरात एकच लिपी चालते असंही नाही. पूर्व भागात आजी तेलुगू बोलते, सून मराठी लिहिते, नातू इंग्रजीत टाईप करतो. अक्कलकोट रोडकडून येणारी मंडळी कानडी. आणि आकड्यांची तर पूर्ण खिचडी.

देवनागरी ४ घाईत लिहिला, वरची टोकं जुळली, की तो हुबेहूब इंग्रजी आठ. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांत फरक सांगायला कोर्टात जावं लागेल. देवनागरी ५ इंग्रजी चारसारखा दिसतो. एकाच माणसाने सगळं एका लिपीत लिहिलं असेल तर बाकीच्या आकड्यांवरून ओळखता येतं. अडचण होते ती दोन हात लागले की.

एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो आला. तारखांच्या चौकोनाबाहेर पेनने लिहिलेलं होतं, इन्सुलिन, सकाळी अमुक, रात्री तमुक. सकाळचा आकडा आजीच्या हातचा देवनागरी चार होता. रात्रीचा नातवाने इंग्रजीत लिहिला होता, सहा. सोबत शब्द नाही. मला सकाळचाही आकडा इंग्रजीच वाटला, म्हणजे आठ. चारच्या जागी आठ युनिट म्हणजे दुप्पट इन्सुलिन, आणि साखर एकदम खाली जाऊन घाम सुटून माणूस बेशुद्ध पडायला तेवढं पुरतं. डोस ठरवणं माझं काम नाही, मी तो सांगितलाही नाही. नातवाला फोन केला, तेव्हा कळलं की त्याला डोस विचारायचाच नव्हता. त्याला सुया हव्या होत्या! त्याच्या दृष्टीने कॅलेंडर पाठवलं म्हणजे ‘इन्सुलिनचं सामान पाठवा’ हे आपोआप कळायला पाहिजे होतं.

आणि सुया म्हटल्या तरी काम संपत नाही, कारण कोणत्या ते कॅलेंडरवर नव्हतं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलीचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवालं वेगळं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. पेन असेल तर सुई आणखी निराळी. ४० च्या बाटलीतलं औषध केशरी सिरिंजच्या ८ च्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात जातात फक्त ३.२ युनिट. उलट अदलाबदल केली तर अडीचपट जास्त जातात. शेवटी मी त्याला बाटलीचा आणि जुन्या सिरिंजच्या टोपीचा फोटो काढायला लावला. त्या दोन फोटोंनी जे काम केलं, ते कॅलेंडरचे दहा फोटो करू शकले नसते.

आता थोडं कायद्याचं, कारण आम्ही मुद्दाम अडवतो असा एक समज आहे. औषधांचे नियम १९४५ चे आहेत. त्यांत चिठ्ठी कशी असावी ते लिहिलेलं आहे: डॉक्टरांची सही, तारीख, पेशंटचं नाव आणि पत्ता, औषध एकूण किती द्यायचं आणि कसं घ्यायचं. तुमच्या अंगठ्याखाली जे झाकलं जातं, नेमकं तेच. पुढे असंही आहे की डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, आणि देणाऱ्या दुकानाने आपलं नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर घालायची. म्हणूनच आम्ही शिक्का मारतो. कागदावर शिक्का बसतो, फोटोवर कसा बसणार? तोच फोटो एका संध्याकाळी पाच दुकानांत जाऊ शकतो आणि पाचही जणांना तो कोरा दिसतो.

झोपेच्या, घबराटीच्या काही गोळ्या आणि बरीचशी वरच्या पायरीची प्रतिजैविकं २०१४ पासून एच-१ या यादीत आहेत. ती विकली की डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. ज्या फोटोत पेशंटचं नाव नाही, त्याच्यासमोर मी रजिस्टरात काय लिहू, गुलाबाचं फूल? त्यामुळे फोटोवर मी औषध काढून ठेवतो, भाव सांगतो, नसेल तर मागवून ठेवतो. हातात देताना मात्र कागद आणा म्हणतो. माझ्याकडे काही जुनी गिऱ्हाइकं यावरून रागावतात. रागावू देत.

फोटोचा स्वतःचाही दोष असतो, पण तो लहान. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं. मोठ्या अक्षराला त्याचा फरक पडत नाही, पण दशांशाचा टिंब त्यात पुसला जातो. साडेबाराची थायरॉइडची गोळी टिंब गेला की एकशे पंचवीसची होते, आणि दुर्दैवाने दोन्ही ताकदीच्या गोळ्या बाजारात मिळतात. पाठवताना ‘एचडी’ निवडलं, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर टिंब राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट. बहिणीने भावाला, भावाने मित्राला, मित्राने मला. वर बॅटरी सतरा टक्के दिसते, खाली टाईप करायची पट्टी, आणि मधल्या वीतभर जागेत चिठ्ठी. कागद टेबलावर सपाट ठेवा, खिडकी एका बाजूला येऊ द्या, चारही कडा फोटोत घ्या, मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तिचाही काढा. याहून जास्त छायाचित्रण लागत नाही.

पण फोटो कितीही स्वच्छ असला तरी सोबत शब्द नसतील तर अडचण तिथेच राहते, हे मेथोट्रेक्सेटच्या गोष्टीत दिसलंच. तिथे नावं स्पष्ट होती.

मग लिहायचं काय? फार नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी, तुमच्यासारखीच पुण्यात असते, ती असं पाठवते. शब्द तिचेच, फक्त नावं काढून सांगतो: ‘काका, बाबांची चिठ्ठी, वय ६८, परवाच्या सोमवारची. १, २ आणि ५ नंबरची महिन्याची द्या. ३ घरी आहे. ४ डॉक्टरांनी बंद केली. बाबा उद्या सकाळी अकराला येतील, कागद घेऊन. काही शंका असेल तर मला फोन करा, बाबांना नको.’

शेवटचं वाक्य मला फार आवडतं. बाबांना ऐकू कमी येतं आणि ते प्रत्येक प्रश्नाला ‘हो हो’ म्हणतात. नाव न वाचता येणारं औषध असो की बदललेली ताकद, ‘हो हो’ या उत्तराचा मला काही उपयोग नसतो. कुणाला विचारायचं हे सांगणारा माणूस विरळा. आणि ‘४ बंद केली’ हे तर कागदावर कुठेच नव्हतं, डॉक्टर तोंडीच म्हणाले होते. ती बोलली नसती तर मी ४ नंबरचीही देऊन मोकळा झालो असतो, आणि कायद्याने, चिठ्ठीने, सगळ्या बाजूंनी बरोबरच असतो.

असा निरोप आला की मी औषधं काढायला घेतो आणि दहा मिनिटांत बिलाचा आकडा पाठवतो. मुक्या फोटोला माझे तीन निरोप आणि दोन फोन लागतात, त्यातला एक हमखास जेवणाच्या वेळी.

निरोप असूनही अडतं, तेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या म्हणाल की लिहिलं तरी विचारता. नाव दोन तऱ्हांनी वाचता येत असेल, तर तुम्ही कितीही सविस्तर लिहा, मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करणारच. अंदाज करताना आम्ही बाकीच्या औषधांचा आधार घेतो. शेजारी साखरेच्या गोळ्या असतील तर संशयातलं नावही त्याच घरातलं असावं, वगैरे. पण तो आधार प्रश्न विचारण्यापुरता, औषध देण्यापुरता नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या कंपनीची गोळी नसेल तर त्याच घटकाची दुसरी मनाने देण्याची मोकळीकही चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत आम्हाला नाही, तेव्हा तीही विचारूनच. रविवारी दवाखाना बंद असतो. त्या दिवशी तुम्हाला सोमवारपर्यंत थांबा असंच उत्तर मिळेल. थांबण्यासारखं नसेल तर सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा, असं मी सांगतो.

तुमच्या वडिलांचं काय औषध आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण रक्तदाबाची गोळी असेल तर एक गोष्ट करा. टेल्मीसार्टन घ्या उदाहरणाला. नुसती ४० ची वेगळी, नावापुढे इंग्रजी ‘एच’ असेल तर तिच्यात लघवी वाढवणारं औषधही असतं, ‘एएम’ असेल तर अॅम्लोडिपिन. सगळा फरक त्या एक-दोन अक्षरांत, आणि हाताने लिहिताना तीच अक्षरं कडेला चिरडली जातात. अशा वेळी चिठ्ठीसोबत चालू असलेल्या स्ट्रिपचा फोटो पाठवा, छापलेली बाजू वर करून. वडिलांना एवढं सांगून ठेवा की गोळ्या काढताना नाव छापलेला तुकडा कापून टाकू नका. आमच्याकडे रोज दोन गोळ्या उरलेले असे स्ट्रिपचे तुकडे येतात, ज्यांच्यावर फक्त ‘मुलांपासून दूर ठेवा’ एवढंच उरलेलं असतं.